फवारणीचा पंप ऑनलाईन घेताय? मग आधी स्टार, रिव्ह्यू अन् व्हेरिफाइडचा टॅग वाचायला शिका

राजेहो, पेरण्या आटोपल्या की आपल्याकडे बॅटरीच्या फवारणी पंपाची शोधाशोध सुरू होते, कोणाचा मागच्या वर्षीचा चालू होत नाही, कोणाला हातपंपानं आता होत नाही. अन् आजकाल दुकानात जायच्या आधी सगळे मोबाईलवरच पाहतात. मागच्या आठवड्यात शेजारचे काकाजी मोबाईल घेऊन ओट्यावर आले, म्हणाले, "अरे पाय बरं, याले चार पॉइंट चार स्टार हायेत, घेऊन टाकू काय?" त्यांच्यासोबत बसून जे जे पाहिलं तेच इथं लिहितो, कारण पंपाचंच उदाहरण नीट समजलं तर मिक्सर असो की मोटर, वाचायची पद्धत तीच आहे.

पहिलं काम, स्टारच्या आकड्याच्या बाजूला किती लोकांनी रेटिंग दिलंय तो आकडा पाहा. काकाजींच्या पंपाला ४.४ होतं, पण रेटिंग फक्त ६२. त्याच किमतीच्या आसपासचा दुसरा एक पंप होता, त्याला ३.९ अन् रेटिंग २,१४०. नवीन माणूस हमखास ४.४ वाल्याकडे जातो. पण थोड्या लोकांचा आकडा किती लवकर हलतो ते पाहा: एखाद्या वस्तूला पाच जणांनी पाच-पाच स्टार दिले तर दिसते ५.०, सहाव्यानं एक स्टार दिला की झालं ४.३. म्हणजे एका माणसाच्या मतानं सगळं चित्र पालटलं. दोन हजारांच्या रेटिंगवर एका माणसानं काही फरक पडत नाही, तिथं आकडा एवढा हलवायचा तर शेकड्यानं माणसं लागतात.

मग त्या आकड्यावर बोट दाबा. खाली पट्ट्या उघडतात, पाच स्टारवाले किती टक्के, चार स्टारवाले किती, असं एकपर्यंत. खरी गोष्ट इथं दिसते. काकाजींच्या ४.४ वाल्याच्या पट्ट्या अशा होत्या: पाच स्टार ८० टक्के, चार स्टार ४, तीन स्टार २, दोन स्टार १, अन् एक स्टार एकदम १३ टक्के. मधात काहीच नाही. दुसऱ्याच्या पट्ट्या पाच स्टार ४६, चार २४, तीन १३, दोन ६ अन् एक ११. आता विचार करा, गावात दहा जणांनी एकच पंप घेतला तर सगळे काय "एकदम झकास" नाहीतर "एकदम बेकार" असं म्हणतील काय? कोणी म्हणेल पंप चांगला आहे पण पट्टे खांद्याला रुततात, कोणी म्हणेल प्रेशर ठीक पण नळी आखूड आहे. अशी माणसं तीन-चार स्टार देतात. ज्याच्या पट्ट्यांमध्ये मधलं काही नाही, वर ढीग अन् खाली ढीग, तिथं वरचा ढीग कोणी आणून टाकलाय काय ही शंका घ्यायची. शंकाच, अजून निकाल नाही. काही वस्तू खरंच अशा असतात की चालली तर चालली, नाहीतर बंद. म्हणून पुढचं पाहावं लागते.

(एक सांगून ठेवतो, काही साईट सरळ सरासरी काढत नाहीत, नव्या रेटिंगला अन् खरेदी पक्की असलेल्याला जास्त वजन देतात, म्हणून तुमचा हिशोब अन् त्यांचा आकडा थोडा मागेपुढे निघाला तर गोंधळू नका.)

आता टॅग. अमेझॉनवर रिव्ह्यूच्या वर Verified Purchase असं लिहिलेलं असते, फ्लिपकार्टवर नावापाशी Certified Buyer. काकाजींचा सरळ सवाल होता, "व्हेरिफाइड हाये म्हणजे खरं हाये ना?" नाही. त्या टॅगचा अर्थ एवढाच की या खात्यावरून ही वस्तू तिथूनच विकत घेतली गेली. माणसानं ती वापरली, किती दिवस वापरली, खरं लिहिलं की पैसे घेऊन लिहिलं, यातलं काहीच तो टॅग सांगत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. तीन वर्षांआधी मी एका ॲपवरून असाच पंप मागवला होता. डबा उघडला, आत चार्जरच्या पिशवीत एक चकचकीत कार्ड: पाच स्टार द्या, फोटो टाका, स्क्रीनशॉट या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवा, १५० रुपये मिळवा. मी अंगणात साधं पाणी भरलं, बटण दाबलं, फवारा चांगला उडाला, फोटो काढला, पाच स्टार देऊन टाकले. पैसेही आले. अन् अकराव्या दिवशी कपाशीत अर्ध्या तासाच्या कामात पाठ ओली लागायला लागली, पंप उतरवून पाहतो तर खाली मोटरच्या जागेतून औषध झिरपत होतं. तोपर्यंत परत करायची मुदत निघून गेली होती. माझा रिव्ह्यू मात्र तिथं टॅगसकट उभा होता, फोटोसकट, एकदम खरा वाटणारा. घरी येऊन मी तो बदलला, एक स्टार केला अन् काय झालं ते सगळं लिहिलं. आपला रिव्ह्यू नंतर एडिट करता येतो हे खूप जणांना माहीतच नसते. पण त्या अकरा दिवसांत तो वाचून कोणी पंप घेतला असेल तर त्याचं नुकसान माझ्या हातून झालं, हे मला आजही लागते.

कार्डाच्या पुढचाही प्रकार आहे. व्हॉट्सॲप-टेलिग्रामच्या ग्रुपात लोकांना सांगतात, तुमच्या पैशानं ऑर्डर करा, पाच स्टार अन् चार ओळी लिहा, स्क्रीनशॉट दाखवा, पूर्ण पैसे परत. ऑर्डर खरी, डिलिव्हरी खरी, टॅग खरा, फक्त मत विकत घेतलेलं. (असल्या ग्रुपात "रेटिंग द्या, रोज कमवा" म्हणून आधी शे-दोनशे देतात अन् मग मोठी रक्कम भरायला लावून गायब होतात, तिथं फसलात तर लगेच १९३० वर फोन करा, जितका लवकर तितकं बरं.) म्हणून टॅग कसा वाचायचा? ज्या रिव्ह्यूला टॅग नाही तो बाजूला ठेवायला टॅग कामाचा आहे. ज्याला टॅग आहे तो नुसता वाचायच्या लायक झाला, विश्वास ठेवायच्या लायक व्हायचा आहे अजून.

तो कसा ठरवायचा, तर मजकूर अन् तारीख सोबत पाहा. साईट आपोआप तिला योग्य वाटतात ते रिव्ह्यू वर दाखवते, तिथं Most recent किंवा Latest असा पर्याय असते, तो दाबा. काकाजींच्या ४.४ वाल्याचे पाच स्टारवाले, ज्यांनी काही लिहिलं होतं, असे वीसेक होते. त्यातले चौदा रिव्ह्यू फेब्रुवारीच्या चार दिवसांत आलेले. फेब्रुवारीत आपल्याकडे कोणी फवारतच नाही असं नाही, संत्र्याच्या बागा आहेत, भाजीपाला आहे. पण वर्षभर महिन्याला एखाद-दुसरा रिव्ह्यू अन् चार दिवसांत १४, हे फवारणीच्या हंगामाशी जुळत नाही. खरं गिऱ्हाईक पंप जुलै ते सप्टेंबरात घेते, मग रिव्ह्यूची गर्दीही तेव्हाच दिसायला पायजे. ३.९ वाल्याची गर्दी तशीच होती, जुलै-ऑगस्टात भरपूर अन् हिवाळ्यात तुरळक.

अन् त्या १४ मध्ये लिहिलेलं काय? "Nice product", "very good quality", "पैसा वसूल", "must buy". हे वाक्य पंपाखाली टाका, चपलेखाली टाका, कुकरखाली टाका, सारखंच बसते. ज्यानं खरंच वापरला त्याच्या लिहिण्यात पंप दिसतो. ३.९ वाल्याखाली एकानं मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलं होतं की एका चार्जिंगमध्ये बारा पंप होतात, तेराव्याला प्रेशर उतरते, चार्जर गरम होते, अन् सोबतची नोझल फेकून पितळी लावली तेव्हा फवारा बारीक झाला. चार स्टार दिले होते त्यानं. आता हा माणूस एकराला पंप मोजून फवारणारा आहे, हे कोणालाही कळते. असे पाच-सहा रिव्ह्यू सापडले तर ते शंभर "nice product" च्या वरचे.

फोटो उघडून पाहाच. ४.४ वाल्याखाली दोन जुन्या रिव्ह्यूंचे फोटो उघडले तर त्यात चक्क गाडी धुवायची प्रेशर गन! म्हणजे त्या पानावर आधी दुसरीच वस्तू विकली जात होती, तिचे रिव्ह्यू जमा झाले, मग नाव-फोटो बदलून तिथंच पंप चढवला. किंवा वेगळ्या वस्तू एकाच पानाखाली प्रकार म्हणून जोडल्या. ही चाल जगभर चालते, अमेरिकेत २०२३ मध्ये व्हिटॅमिनच्या गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीला असेच एका वस्तूचे रिव्ह्यू दुसऱ्या वस्तूला जोडल्याबद्दल सहा लाख डॉलर भरावे लागले. याचाच साधा प्रकार म्हणजे १६ लिटर, १८ लिटर, सिंगल मोटर, डबल मोटर यांचे सगळे रिव्ह्यू एकत्र दिसणं, त्यात लबाडी नसते पण तुम्ही वाचताय तो रिव्ह्यू तुमच्या पंपाचा नसू शकतो. रिव्ह्यूच्या वर लहान अक्षरात बहुतेक वेळा कोणता प्रकार घेतला ते लिहिलेलं असते, तेवढं पाहूनच पुढं जा.

आता सगळ्यात कामाचं. एक अन् दोन स्टारवाले वाचा, पण वही घेऊन. आम्ही ३.९ वाल्याचे असे वीस रिव्ह्यू वाचले अन् काकाजींनी मागच्या पानावर रेघा ओढल्या: सात जण डिलिव्हरी उशिरा, डबा फुटका, कुरिअरवाला गावात येत नाही असे. सात जण बॅटरी किंवा चार्जरचे. दोन गळतीचे. चार जणांनी नुसतं "बेकार" लिहिलेलं. डिलिव्हरीच्या तक्रारीत पंपाचा दोष नाही, त्या वेगळ्या काढा, पण फेकू नका, त्या पुढं कामी येतात.

बॅटरीच्या सातमध्येही दोन जाती असतात. या पंपांमध्ये बऱ्याचदा १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते, ८ एएच वगैरे. ती हंगाम संपल्यावर अर्धवट उतरलेली तशीच कोठ्यात पडून राहिली अन् महिनोन्‌महिने चार्ज केली नाही तर बसते, मग चार्ज धरत नाही. सातपैकी तिघांनी लिहिलं होतं की "मागच्या वर्षी घेतला, या वर्षी काढला तर चार्जच होत नाही". हे कोणत्याही कंपनीच्या पंपाचं होईल, महिन्या-दीड महिन्यानं एकदा चार्जिंगला लावला तर टळते. उरलेले चार म्हणत होते की आठ-पंधरा दिवसांतच चार पंपांवर बॅटरी बसते. हा माल खराब. म्हणजे वीस नाराजांमधले खरे बॅटरीचे चारच, अन् ते वॉरंटीतले.

गळतीला मात्र मी सगळ्यात जास्त वजन देतो, एक जरी असली तरी फोटो उघडून पाहतो. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी अन् मजूर दगावले, ते आपण कोणीच विसरलो नाही. पाठीवर औषध झिरपणारा पंप फुकटातही नको. ३.९ वाल्याच्या दोन्ही गळत्या झाकणाच्या होत्या, फोटोत वायसर तिरपा बसलेला दिसत होता, एकानं तर खाली लिहिलंही होतं की नीट बसवल्यावर थांबली. मग ४.४ वाल्याकडे वळलो. ६२ चे १३ टक्के म्हणजे एक स्टार देणारे आठ जण. त्यातल्या सहा जणांनी काही लिहिलं होतं, अन् सहापैकी चौघं एकच बोलत होते, खालून मोटरपासून पाणी गळते. वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या शब्दांत, वेगवेगळ्या जागचे चार माणसं एकाच ठिकाणी बोट ठेवतात तेव्हा तिथं दोष आहे असं समजायचं. काकाजींनी वही मिटली अन् म्हणाले, "हा चार पॉइंट चारवाला नोको रे बाप्पा."

उलटंही होते हे ध्यानात ठेवा. दुसऱ्या कंपनीचा माल पाडायला खोटे एक स्टारही टाकतात. ओळखायची खूण तीच, त्यात वस्तू दिसत नाही, नुसत्या शिव्या अन् "याच्यापेक्षा अमुक घ्या" असं नाव दिलेलं, अन् तेही दोन-तीन दिवसांत भराभर आलेले.

पंप ठरला, आता कुठून घ्यायचा. इथं नवीन माणूस फसतो, कारण वस्तूचं रेटिंग वेगळं अन् विकणाऱ्याचं वेगळं. एकाच पंपाच्या पानावर तीन-चार विक्रेते असू शकतात. विक्रेत्याच्या नावावर दाबलं की त्याचं पान उघडते, अमेझॉनवर तिथं ३० दिवस, ९० दिवस, १२ महिने असं वेगवेगळं रेटिंग दिसते. १२ महिन्यांचं चांगलं अन् ३० दिवसांचं पडलेलं असेल तर आत्ताच काहीतरी बिघडलंय. तिथल्या तक्रारीत "जुना वापरलेला पाठवला", "बिल नाही", "परत घ्यायला कोणी आलं नाही" हे शोधा. अन् आपण बाजूला काढलेल्या डिलिव्हरीच्या सात तक्रारी आता काढा. फ्लिपकार्टवर Certified Buyer च्या पुढं गावा-जिल्ह्याचं नाव असते. पुण्या-दिल्लीच्या माणसाला दोन दिवसांत मिळाला, त्याचा आपल्याला उपयोग नाही. वर्धा, यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर असं काही दिसलं तर ते वाचा, आपल्या पिनकोडवर परत घ्यायला माणूस येतो की नाही ते तिथं कळते.

मग तालुक्याचं दुकान. काकाजींनी गूगल मॅपवर आमच्या तालुक्याच्या एका कृषी केंद्राचं नाव टाकलं, ४.९, रेटिंग ३१. मॅपवर खरेदीचा टॅगच नसतो, कोणीही दुकानात पाय न ठेवता रेटिंग देऊ शकते. Local Guide लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ तो माणूस मॅपवर खूप लिहितो एवढाच. रिव्ह्यू देणाऱ्याच्या नावावर दाबून त्यानं अजून कुठं कुठं लिहिलंय ते पाहा, ३१ पैकी अर्ध्या जणांचा तो एकच रिव्ह्यू होता, म्हणजे मुलगा, भाचा, दोस्त असे असतील. त्यात वाईट काही नाही, पण त्यावर ठरवता येत नाही. एकानं मात्र लिहिलं होतं की चार्जर जळला तर तिथंच दुसरा मिळाला, नागपूरला जावं लागलं नाही. आम्ही त्याच मुद्द्यावर दुकानात फोन लावला: हा पंप आहे काय, मोटर, चार्जर, बॅटरी सुटी मिळते काय, वॉरंटीत बॅटरी गेली तर तुम्ही बदलून देता की कंपनीकडे पाठवता? उत्तर आलं, सुटं सगळं आहे, बॅटरी सहा महिन्यांत गेली तर इथंच बदलून. ऑनलाईन तोच पंप २,६५० ला होता, दुकानात २,९००. अडीचशे जास्त. पण आपण वीसमधले बॅटरीवाले मोजले होते ना, ज्या पंपाची तक्रार आलीच तर बॅटरीची येणार आहे तो जिथं बॅटरी हातोहात बदलून मिळते तिथून घेतलेला बरा. तक्रारी नुसत्या नळी-नोझलच्या असत्या तर मीच म्हटलं असतं ऑनलाईन घ्या.

ऑनलाईनच घेतलात अन् गडबड झाली तर आधी त्या साईटच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा, त्याचं नाव-पत्ता साईटवर द्यावंच लागते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत तक्रारीची पोच अन् एका महिन्यात निवारण व्हायला पायजे. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. विक्रेत्यानं स्वतःच गिऱ्हाईक बनून रिव्ह्यू टाकायला याच नियमात मनाई आहे, डब्यात पैशाचं कार्ड निघालं तर त्याचा फोटो काढून तक्रारीत जोडा. रिव्ह्यू कसे गोळा करायचे यासाठी २०२२ मध्ये बीआयएस या सरकारी मानक संस्थेनं आयएस १९००० नावाचं मानकही काढलं, पण ते ऐच्छिक ठेवलं, म्हणून त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

शनिवारी काकाजींसोबत तालुक्याला गेलो. दुकानदारानं पंप डब्यातून काढला, काकाजींनी तिथंच बादलीभर साधं पाणी भरायला लावलं, झाकण घट्ट लावून पंप आडवा केला, मग उभा करून खाली मोटरपाशी हात फिरवून पाहिला, कोरडा होता. बटण दाबून पाच मिनिटं चालवला, पुन्हा हात फिरवला. बिलावर पंपाचा नंबर, बॅटरीची तारीख अन् "सहा महिन्यांत बदलून" असं लिहून घेतलं. निघताना म्हणाले, "आता याचा रिव्हू कुठी टाकाचा?" म्हटलं, आत्ता नाही काकाजी, कपाशीच्या तीन फवारण्या होऊ द्या, मग एका चार्जिंगमध्ये किती पंप झाले ते मोजून मॅपवर टाकू.